‘आणि’च्या आधीचा स्वल्पविराम: एकाच मेलमध्ये कधी आहे, कधी नाही

यादीतल्या शेवटच्या ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही, याच्या दोन पद्धती आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत. इंग्रजीत शिकागोची शैलीपुस्तिका तो द्यायला सांगते, तर असोसिएटेड प्रेसची पत्रकारांसाठीची पुस्तिका साध्या यादीत तो गाळायला सांगते. मराठीत आपण तो सहसा देत नाही. पण दिवसभर इंग्रजी मेल लिहिणाऱ्यांच्या मराठीतही तो येतो, आणि निम्मा मजकूर एका सहकाऱ्याचा व निम्मा दुसऱ्याचा असेल, तर एकाच मेलमध्ये दोन्ही पद्धती येतात. खरा घोळ तिथे होतो.

गोदामाच्या टीमला गेलेल्या मेलमध्ये अशा दोन ओळी आहेत असं धरू. सोमवारसाठी: ‘बिलं तपासणं, स्टॉक मोजणं, आणि रिपोर्ट पाठवणं.’ मंगळवारसाठी: ‘माल उतरवणं, लेबल लावणं, पॅकिंग आणि डिस्पॅच.’ पहिली ओळ वाचून वाचकाला कळतं की इथे शेवटच्या कामाआधी स्वल्पविराम येतो. दुसऱ्या ओळीत तो नाही, म्हणून ‘पॅकिंग आणि डिस्पॅच’ हे एकच काम, एकाच माणसाकडे, असा अर्थ तो लावतो. लिहिणाऱ्याच्या मनात मात्र कामं चार होती. मंगळवारी तीनच जण नेमले जातात आणि पॅकिंग व डिस्पॅच ही दोन्ही कामं एकाच माणसावर पडतात. दुसरी ओळ एकटी असती तर बहुतेकांनी ती बरोबर वाचली असती. पहिल्या ओळीने लावलेली सवय तिला नडली.

वरवर सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी इथे वेगळ्या ओळखायला हव्यात. एक ‘आणि’ यादी संपवतो, दुसरा दोन गोष्टींची जोडी बांधतो. शेवटचा घटक खरोखरच जोडी असेल, तर यादी संपवणारा शब्द वेगळा लागतो: ‘माल उतरवणं, लेबल लावणं, तसंच पॅकिंग आणि डिस्पॅच.’ तो शब्द नसेल तर ‘आणि’ यादीच संपवतोय, असं मानायला आधार मिळतो. पण घाईत वाचणारा एवढा विचार करत नाही.

अमेरिकेतल्या मेन राज्यात हाच प्रश्न कोर्टात गेला. ओव्हरटाइम कोणत्या कामांना लागू नाही, याची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी ‘पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी पॅकिंग’ असाही अर्थ निघेल, ‘पाठवणीसाठी पॅकिंग’ आणि ‘वितरण’ अशी दोन कामं असाही निघेल, अशी रचना होती. ओकहर्स्ट डेअरीचे ड्रायव्हर दूध पोचवत, पॅकिंग करत नसत. राज्याची कायदेलेखनाची पुस्तिका हा स्वल्पविराम टाळायलाच सांगते, म्हणून वितरण वेगळं काम आहे, असा कंपनीचा मुद्दा होता. २०१७ मध्ये अपील कोर्टाने मजकूर संदिग्ध ठरवून ड्रायव्हरांच्या बाजूने अर्थ लावला आणि २०१८ मध्ये ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. पुढे त्या कायद्यातली कामं अर्धविरामांनी वेगळी केली गेली. मला यातला पुस्तिकेचा भाग महत्त्वाचा वाटतो. नियम लिहिणाऱ्याकडे होता, पण वाचणाऱ्याला तो मजकुरात दिसत नव्हता. मेल वाचणाऱ्यालाही तुमची पद्धत त्या मेलमधूनच कळते.

नावांच्या बाबतीत स्वल्पविरामाची मर्यादा दिसते. ‘ही फाइल दोन्ही ऑडिटर, कुलकर्णी आणि देशपांडे यांना पाठवा.’ माणसं दोन की चार? ‘आणि’च्या आधी स्वल्पविराम दिला तर चारकडे थोडा कल होतो, पण खात्री होत नाही. इथे क्रम बदलावा: ‘कुलकर्णी, देशपांडे आणि दोन्ही ऑडिटर यांना’ म्हटलं की चारच. दोनच असतील तर ‘कुलकर्णी आणि देशपांडे या दोन्ही ऑडिटरना’. कंपन्यांच्या यादीत ‘लार्सन अँड टुब्रो’सारखं नाव असेल, तर ते शेवटी न ठेवता मध्ये घ्यावं.

नुसत्या तारखांना फारसा धोका नसतो. ‘१२, १३ आणि १९ जून’ कसंही लिहिलं तरी दिवस तीनच. तारखेला ठिकाण जोडलं की मात्र आतले आणि बाहेरचे स्वल्पविराम एकमेकांत मिसळतात. तिथे अर्धविराम घ्यावा: ‘पुणे, १२ जून; नाशिक, १४ जून; कोल्हापूर, १७ जून.’

मेल पाठवण्याआधी ‘आणि’ शोधायला टाका आणि प्रत्येक ठिकाणी त्याच्या मागचं चिन्ह बघा. ‘व’ आणि ‘किंवा’ हेही शोधा, कारण ‘सोमवार, मंगळवार किंवा बुधवार’ हीसुद्धा यादीच आहे. खाली जोडलेल्या जुन्या मेलमधला दुसऱ्याचा मजकूर मात्र होता तसाच राहू द्या.