परत आलेल्या टास्कचं काय करायचं? रिव्ह्यू-टेस्टिंगच्या नियमांची पार्श्वभूमी

टास्क बोर्डवर 'रिव्ह्यू' आणि 'टेस्टिंग' असे दोन रकाने आखायला पाच मिनिटंही लागत नाहीत. अडतं ते पुढे. टास्क रिव्ह्यूतून कधी सोडायचं, आणि टेस्टिंगमधून परत आलं तर कुठे ठेवायचं? हा प्रश्न आजचा नाही. त्याचं एक नेमकं उत्तर बोर्ड आणि ट्रॅकर यायच्या कितीतरी आधी दिलं गेलं होतं.

१९७६ साली आयबीएमच्या मायकेल फेगन यांनी कंपनीच्याच नियतकालिकात डिझाइन आणि कोड तपासण्याची एक पद्धत मांडली. कामाचा प्रत्येक टप्पा संपला असं कधी म्हणायचं, याची अट आधीच ठरलेली असावी, हा तिचा गाभा. कोडची तपासणी व्हायची ती तो पहिल्यांदा विनातक्रार कंपाइल झाल्यावर आणि युनिट टेस्टिंगच्या आधी. बैठकीत चुका फक्त शोधायच्या, उपाय सुचवत बसायचं नाही. मग लिहिणारा त्या दुरुस्त करणार आणि बैठक चालवणारा मॉडरेटर प्रत्येक दुरुस्ती स्वतः पाहून खात्री करणार. म्हणजे आपल्या कामाला आपणच 'झालं' म्हणायची सोय नव्हती.

पण मला त्यातला सगळ्यात कामाचा वाटतो तो एक छोटा नियम. दुरुस्तीत पाच टक्क्यांहून जास्त मजकूर बदलला असेल, तर मॉडरेटरची नजर पुरेशी नाही. सगळ्या मजकुराची तपासणी नव्याने करायची. आधी मिळालेली मंजुरी बदललेल्या कोडला कुठपर्यंत लागू होते, याची ही स्पष्ट रेघ होती. नंतरच्या अनेक वर्कफ्लोंमध्ये नेमकी हीच रेघ गायब दिसते.

१९९८ मध्ये मोझिलाच्या प्रकल्पातून बगझिला हा बग नोंदवायचा ट्रॅकर आला आणि अवस्था पडद्यावर दिसू लागल्या. डेव्हलपरने बग सोडवला की तो `RESOLVED`, टेस्टिंगवाल्यांनी पडताळला की `VERIFIED`. दोन माणसं, दोन अवस्था. फेगन यांचंच तत्त्व. पडताळणीत फसला की `REOPENED`. ही अवस्था मात्र गोची करणारी होती, कारण बग परत आला एवढंच ती सांगते. त्यावर कोणी काम करतंय की तो नुसता पडून आहे, हे कळत नाही. २०११ च्या ४.० आवृत्तीत मूळ वर्कफ्लोमधून ती काढली गेली. पुन्हा उघडलेला बग इतर बगांसारखाच `CONFIRMED` सारख्या साध्या खुल्या अवस्थेत जाऊ लागला. माझ्या मते हे योग्यच झालं. टास्क आत्ता कुठे आहे हे अवस्थेने सांगावं. ते किती वेळा परत आलं, हे इतिहासाच्या नोंदींतून कळतंच.

पुढे डेव्हिड अँडरसन यांच्या कानबान पद्धतीने हे नियम टीममधल्या सगळ्यांना दिसतील असे उघड लिहून ठेवायचा आग्रह धरला. पण लिहिलेले नियमही बहुतेकदा पुढे जाण्याचेच असतात.

एक उदाहरण घेऊ. खात्याचा ईमेल बदलण्याची सोय, असं टास्क आहे. रिव्ह्यूतून सुटण्याची अट अशी: लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कोणाची तरी मंजुरी, सगळे शेरे निकाली आणि स्वयंचलित चाचण्या पास. टास्क टेस्टिंगला गेलं. तिथे आढळलं की नवा पत्ता पडताळण्याची लिंक एकदा वापरल्यावरही पुन्हा चालते. डेव्हलपरने टोकन तपासणारा भाग बदलला आणि टास्क सरळ टेस्टिंगमध्ये ढकललं. लिंक आता एकदाच चालते, टेस्टर खूश. पण त्या बदलात टोकनची मुदत तपासणारी ओळ उडाली, आणि नवा कोड रिव्ह्यूवाल्यांपैकी कोणीच पाहिला नाही. मंजुरी होती ती जुन्या कोडची.

म्हणून नियम असा हवा: टेस्टिंगमध्ये नापास झालेलं टास्क 'काम चालू'मध्येच जाईल, जुनी मंजुरी रद्द होईल आणि पुन्हा टेस्टिंगला जाण्याचा रस्ता रिव्ह्यूतूनच असेल. गिटहबवर नवी कमिट आली की आधीची मंजुरी आपोआप रद्द करण्याची सेटिंग आहे. फेगन यांच्या पाच टक्क्यांची ती शून्यावर आणलेली आवृत्ती म्हणा. तिचा त्रासही आहेच. बटणावरचा एक शब्द सुधारला तरी रिव्ह्यूसाठी पुन्हा थांबावं लागतं आणि वैतागलेली माणसं न वाचताच मंजुरी देऊ लागतात. उलट टक्क्यांचा हिशोबही फसवा. वरच्या उदाहरणात उडाली ती एकच ओळ. त्यामुळे मजकूर किंवा रंग यांपुरत्या बदलाला सूट आणि पैसे, परवानग्या, लॉगिन यांना हात लागला की पूर्ण रिव्ह्यू, अशी विभागणी जास्त टिकते.

आपल्याकडे नियम पाळला जातोय का, हे पाहायला ट्रॅकरमधला टास्कचा इतिहास पुरतो. टेस्टिंगमधून मागे आलेली टास्कं निवडायची आणि त्यांतली किती पुन्हा रिव्ह्यूत थांबली ते बघायचं. रिव्ह्यूत येऊन मिनिटभरात बाहेर पडलेली त्यात मोजू नयेत. ती तिथून फक्त गेलेली असतात.