चार कार्डं आणि बाटलीभर काळी माती

पाचवीच्या वर्गात गटाला काम दिलं की पहिल्या पाच मिनिटांत काय होतं हे कुठल्याही मास्तरला पाठ असतं. एक जण सामानावर झडप घालतो, दुसरा त्याच्याशी भांडतो, एक मुलगी गपचूप वही काढून समास आखायला लागते आणि चौथं लेकरू खिडकीतून बाहेर बघत बसतं. मग तक्रार येते, "सर, हा काहीच करंना," आणि तो म्हणतो, "सर, हे मला हातच लावू देईनात." मी बरीच वर्षं यातला एक खरा आणि एक खोटा समजून निकाल द्यायचो. पण दोघंही खरं बोलत असतात, आणि त्यामागं काय आहे ते कळलं तर गटात प्रत्येकाला काम वाटून देणारी कार्डं कशी बनवायची तेही कळतं.

गोष्ट रस्सीखेचीपासून सुरू होते. फ्रान्समधले शेतीचे इंजिनियर मॅक्स रिंगेलमन यांनी १८८० च्या दशकात माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला, आणि ते आकडे १९१३ मध्ये छापले. एकट्यानं ओढताना माणूस जेवढा जोर लावतो तेवढा गटात लावत नाही, आणि गट आठ जणांचा झाला तर एकेकाच्या वाट्याला एकट्याच्या जोराच्या साधारण निम्माच येतो. याची दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे ताळमेळ, सगळे एका क्षणी ओढत नाहीत. दुसरं म्हणजे बाकीचे ओढतायत की, असं वाटून हात ढिला पडणं. १९७४ मध्ये अमेरिकेत ही दोन कारणं वेगळी करून बघितली, माणसाचे डोळे बांधून त्याला दोराच्या पुढच्या टोकाला उभं केलं आणि मागं अजून माणसं ओढतायत असं भासवलं, मागचे मात्र ओढतच नव्हते. म्हणजे ताळमेळ चुकायचा प्रश्नच नाही. तरी त्याचा जोर कमी झालाच.

यातला कामाचा भाग पुढं आहे. १९८१ मध्ये विल्यम्स, हार्किन्स आणि लाताने या तिघांनी असाच प्रयोग दोराऐवजी ओरडण्यावर केला, गटात ओरडायचं आणि आवाज मोजायचा. गटात असूनही प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय असं सांगितलं तेव्हा ती ढिलाई जवळपास गेलीच. म्हणजे माणूस मुळात आळशी असतो असं नाही, त्याचं काम कुणाला दिसत नसलं की तो सैल पडतो. खिडकीतून बघणाऱ्या लेकराचं हेच आहे, त्याचा वाटा कुठं दिसतच नाही.

पण वर्गात अजून एक गोष्ट असते जी दोरात नसते. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या एलिझाबेथ कोहेन यांनी आयुष्यभर यावर काम केलं. त्यांचं म्हणणं असं की वर्गात मुलांच्या डोक्यात आधीच एक उतरंड तयार असते, कोण हुशार, कोण 'ढ', कोणाचं ऐकायचं, आणि गटात बसलं की ती उतरंड आपोआप चालू होते. वरचा जास्त बोलतो, त्याच्याच हातात सामान जातं, आणि गटात जो जास्त बोलतो आणि करतो तोच जास्त शिकतो. खालच्याला हात लावू देत नाहीत आणि मग म्हणतात हा काही करत नाही. म्हणून दोन्ही तक्रारी खऱ्या.

आता आमच्या वर्गातलं सांगतो. आपल्याकडं मातीचा प्रयोग सोपा पडतो कारण रेगड आणि मुरूम शाळेच्या कुंपणापासून हाकेच्या अंतरावर मिळतात. पाण्याच्या बाटलीचा बूड कापायचा, तोंडाला फडकं बांधायचं, उलटी धरून तीत दोन वाट्या माती भरायची, वरून एक पेला पाणी ओतायचं आणि दहा मिनिटांत खाली किती गळालं ते मोजायचं. एका बाटलीत वाळू, एकीत मुरूम, एकीत बारीक केलेली काळी माती. वाळूतून पाणी भराभर जातं, मुरमातून जरा हळू, आणि काळी माती आधी थोडं पाणी सोडते मग फुगते आणि तोंड मिटल्यासारखी बसते, पाणी वरच तुंबून राहतं. पोरांनी हे शेतात बघितलेलं असतं पण कारण माहीत नसतं, म्हणून बोलायला भरपूर असतं. दोन तास लागोपाठ घ्यायचे, गट चौघांचाच. पाच-सहा जण केले की एक जण सुटतोच, मी करून बघितलंय.

पहिल्या वर्षी मी कार्डं बनवली ती अशी, खोक्याचा पुठ्ठा कापून त्यावर मोठ्या अक्षरात गटप्रमुख, लेखक, वेळ, सामान. फसलं. गटप्रमुखानं सगळं एकट्यानं केलं आणि वर हुकूम सोडले, वेळवाला पोरगा पूर्ण दोन तास भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत बसला, त्याला वाटलं माझं काम तेवढंच, आणि लिहिणाऱ्या मुलीनं एवढं सुंदर लिहिलं की प्रयोग तिनं बघितलाच नाही. मी काम वाटलं होतं खरं, पण त्यासोबत विचारही वाटून टाकला होता, एकालाच लिहायचं एकालाच करायचं, आणि इथंच बहुतेक जणांचं चुकतं. कार्डावर गट कसा चालवायचा एवढंच वाटायचं असतं. मातीत पाणी का अडलं हा प्रश्न चौघांचाच राहायला पाहिजे.

मग पुढच्या वेळी गटप्रमुख हे कार्डच काढून त्याजागी 'प्रश्न' आणलं, लेखकाचं 'नोंद' केलं, वेळेचं 'घड्याळ', आणि चारही कार्डांच्या मागं काय बोलायचं ते लिहिलं, पोरांच्या बोलीत, दोन-तीन ओळीच, कारण पाचवीचं पोरगं हातात बाटली धरून दहा ओळी वाचत नसतं.

'सामान' कार्डावर: आणायचं, मोजायचं, परत ठेवायचं. भरायला मात्र प्रत्येकाला एक-एक बाटली द्यायची, चौथ्यानं पाणी ओतायचं. बोलायचं वाक्य, "कोणाच्या हाताला अजून काम नाही?"

'घड्याळ' कार्डावर वेळाच लिहून ठेवल्या, अंदाज सांगायला १० मिनिटं, बाटल्या भरायला १५, पाणी ओतून बघायला १०, कारण शोधायला २०, लिहायला १५. बोलायचं वाक्य, "पाच मिनिटं राहिली, काय राहिलंय?" वेळ आधीच लिहिलेली असली की पोराला सारखं घड्याळाकडं बघावं लागत नाही, तो पण प्रयोगात राहतो.

'नोंद' कार्डावर एकच अट, लिहायच्या आधी विचारायचं, "हे सगळ्यांना पटलं का? कोणाचं वेगळं आहे का?" वेगळं असेल तर दोन्ही लिहायचं. गटाचा कागद एक, पण शेवटी प्रत्येकानं आपल्या वहीत स्वतःचं एक वाक्य लिहायचं, पाणी का अडलं. ते वाक्य मी प्रत्येकाचं वेगळं वाचतो. ओरडण्याच्या प्रयोगात आवाज वेगळा मोजला होता ना, तेच काम हे वाक्य करतं, प्रत्येकाचा वाटा दिसतो.

'प्रश्न' कार्डावर: "तुला काय वाटतं? कशावरून?" हे तिघांना एकेकदा तरी विचारायचं, आणि सरांना बोलवायचं तर याच कार्डवाल्यानं, तेही चौघांना विचारून झाल्यावर. ही अट मला स्वतःला पाळायला सगळ्यात जड गेली. कोणी "सर, आता काय करू" म्हणत आलं की तोंडात उत्तर तयार असतं. पण मी उत्तर दिलं की ते कार्ड मेलं. म्हणून मी विचारतो, "प्रश्नचं कार्ड कोणाकडंय?" आणि निघून जातो.

कार्ड कोणाला द्यायचं हा खरा डोक्याचा भाग. माझ्या वर्गात एक पोरगा आहे, तोंडाळ, हुशार, सगळ्याच्या आधी उत्तर देणारा. त्याला प्रश्न कार्ड दिलं, म्हणलं विचारायला लागलं की ऐकेल. तो मास्तरच झाला, "ए तू सांग, लवकर सांग, चूक, आता तू." मग पुढच्या प्रयोगाला त्याला 'नोंद' दिलं, दुसऱ्यांचं आधी लिहायचं स्वतःचं शेवटी, या अटीसह. हात चालू असला की तोंड जरा थांबतं. तिथं त्याला पहिल्यांदा ऐकावं लागलं की शेजारची, जी एरवी बोलत नाही, ती सांगायलीय की उन्हाळ्यात त्यांच्या रानात एवढाल्या भेगा पडतात आणि पहिल्या पावसाचं पाणी त्यातून खाली जातं, मग भेगा मिटल्या की पाणी वर साचतं. फुगणाऱ्या मातीचं अख्खं कारण तिच्या रानात होतं. पहिल्या वर्षीसारखं चाललं असतं तर ते कागदावर आलंच नसतं.

हे नीट चाललंय का ते नुसतं बघून कळत नाही, आवाज असलेला वर्ग छानच वाटतो. मी एका गटाजवळ दहा मिनिटं उभा राहतो, हातात कागद, चौघांसाठी चार रकाने, कोणी प्रयोगाबद्दल बोललं की एक रेघ. "ए सरक" याची रेघ नाही. एकाच्या रेघा बाकी तिघांच्या बेरजेपेक्षा जास्त झाल्या तर कार्डं नावाला आहेत असं समजायचं. दुसरी खूण शेवटच्या वाक्यांत सापडते, चौघांचं वाक्य शब्दशः सारखं असेल तर एकानं सांगितलं आणि तिघांनी उतरवलं.

कार्डं अदलायची असतातच, पण रोज नाही. एक कार्ड हातात बसायला पोराला दोन-तीन प्रयोग लागतात, पहिल्यांदा तो वाक्य वाचून दाखवतो, दुसऱ्यांदा स्वतःच्या शब्दात म्हणतो. मी भिंतीवर तक्ता लावलाय कोणाला कोणतं मिळालं त्याचा, आणि तो लावल्यावर माझंच मला दिसलं की 'नोंद' सारखं मुलींकडं जातंय, अक्षर चांगलं म्हणून, आणि 'सामान' पोरांकडं. तक्ता नसता तर मी शपथेवर सांगितलं असतं की मी असं करत नाही.

काही कामांना कार्डं लावूच नयेत. चित्र रंगवायचं, गाईडमधून तक्ता उतरवायचा, हे एकटा जास्त बरा करतो, तिथं चौघांना चार कार्डं दिली की नुसतं नाटक होतं. जिथं अंदाज चुकू शकतो, हात पण लागतात आणि एकाला सगळं माहीत नाही तिथंच ती चालतात. आणि पोरं कार्डाकडं न बघता "कशावरून?" विचारायला लागली की त्या गटाची कार्डं मी काढून घेतो, नाहीतर पाठांतर म्हणल्यासारखी वाक्यं येत राहतात.

एक अडचण आपल्या भागातलीच. दिवाळी झाली की काही लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात आणि चौघांचे तीन राहतात. तेव्हा 'घड्याळ' आणि 'सामान' एकाकडं देतो, 'प्रश्न' मात्र कधीच दुसऱ्या कार्डाला जोडत नाही, जोडलं की तेच आधी गळतं. लेकरू उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं तेव्हा त्याचं मधलं बरंच हुकलेलं असतं आणि गटातले त्याला धरत नाहीत. त्याला मी आल्या दिवशी 'सामान' देतो. त्याला मागचा धडा यायची गरज नसते, आणि बाटल्या त्याच्याकडं असल्यामुळं बाकीच्या तिघांना त्याच्याशी बोलावंच लागतं.