माणसाचा महिना २६ चा, पोस्टचा महिना ३० चा

सिक्युरिटी किंवा हाउसकीपिंगच्या बिलावरून सोसायटी आणि एजन्सी यांच्यात वाद झाला, की तो बहुतेक वेळा एकाच प्रश्नावर येऊन थांबतो: महिन्याचा दर २६ ने भागायचा की ३० ने? दोन्ही बाजू आपापल्या आकड्याला ‘नियम’ म्हणतात. खरं तर दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त ते वेगवेगळ्या गोष्टींचे आहेत. २६ हा गार्डच्या पगाराचा आकडा आहे. ३० किंवा ३१ हा गेटवर कोणीतरी उभं असण्याचा आकडा आहे. पगारपत्रक पहिल्यावर चालतं, बिल दुसऱ्यावर.

वर्षाच्या ३६५ दिवसांतून ५२ साप्ताहिक सुट्ट्या वजा केल्या की ३१३ दिवस उरतात. बाराने भागले की महिन्याला साधारण २६. म्हणून किमान वेतनाचा मासिक दर २६ ने भागून रोजचा दर काढतात, आणि त्या रोजच्या दरात सुट्टीच्या दिवसाचं वेतन आलेलं असतं. ग्रॅच्युइटीच्या सूत्रातलं १५/२६ हेही याच २६ मधून येतं. गेटला मात्र साप्ताहिक सुट्टी नसते. गार्ड सुट्टीवर गेला तरी तिथे बदली गार्ड, म्हणजे रिलिव्हर लागतो, आणि त्याला वेगळा रोज द्यावा लागतो.

हे मस्टरवर, म्हणजे हजेरीपत्रकावरच दिसतं. पुण्यातली एखादी सोसायटी धरा: दोन गेट, आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या, म्हणजे सहा पोस्ट. महिना ३० दिवसांचा. मस्टरवर सात नावं: सहा कायमचे गार्ड आणि एक रिलिव्हर. प्रत्येक कायम गार्डच्या ओळीत २६ हजेऱ्या आणि चार सुट्ट्या. सहा जणांच्या मिळून १५६ हजेऱ्या झाल्या. लागतात १८० ड्यूट्या. उरलेल्या २४ रिलिव्हर भरतो. एका रिलिव्हरमागे सहा पोस्ट, म्हणूनच दरपत्रकात ‘रिलिव्हर चार्ज’ १/६, म्हणजे १६.६७ टक्के असा दिसतो.

मस्टर एक्सेलमध्ये असेल आणि हजेरी P ने मांडलेली असेल तर आडवी बेरीज पगारासाठी आणि उभी बेरीज बिलासाठी:

```
=COUNTIF(C5:AF5,"P")
=COUNTIF(C5:C11,"P")
```

पहिलं सूत्र एका गार्डचे महिन्याचे दिवस मोजतं, दुसरं त्या तारखेला किती पोस्ट भरल्या ते सांगतं. उभी बेरीज रोज ६ यायला हवी. एखाद्या तारखेला ५ आली तर एक पोस्ट रिकामी होती आणि तिचे पैसे बिलात नसावेत. ७ आली तर कोणाची तरी हजेरी मागाहून घुसवली आहे. सगळ्या आडव्या बेरजांची बेरीज आणि सगळ्या उभ्या बेरजांची बेरीज सारखीच, १८०, आली पाहिजे. डबल ड्यूटी एकाच चौकटीत लिहिण्याची सवय असेल तर हे सूत्र फसतं, त्यामुळे दुसऱ्या पाळीसाठी वेगळी ओळ ठेवावी.

आता दर. हिशेब सोपा राहावा म्हणून मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून १४,३०० रुपये धरू. हा सरकारी दर नव्हे. प्रत्यक्षात महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैत बदलतो, त्यामुळे करारात ‘किमान वेतन बदलल्यास दर बदलेल’ हे वाक्य नसेल तर सहा महिन्यांत भांडण ठरलेलं. १४,३०० भागिले २६ म्हणजे रोज ५५०. त्यावर मालकाचा पीएफ १३ टक्के, ७१.५०. यात १२ टक्के वर्गणी, अर्धा टक्का विमा आणि अर्धा टक्का प्रशासकीय शुल्क आलं. ईएसआयचा मालकाचा वाटा ३.२५ टक्के, १७.८८. एका ड्यूटीचा खर्च ६३९.३८ झाला. सेवाशुल्क ८ टक्के, ५१.१५. ड्यूटीचा दर ६९०.५३. बोनस, रजेचं वेतन आणि गणवेश खऱ्या दरपत्रकात याच रांगेत येतात, इथे बाजूला ठेवले आहेत.

कामगाराचा पीएफचा १२ टक्के आणि ईएसआयचा ०.७५ टक्का बिलात कधीच येत नाही. तो त्याच्या ५५० मधून कापला जातो. बिलात पीएफ २५ टक्के दिसला, तर ग्राहक कामगाराचा वाटाही भरतो आहे आणि तो पगारातूनही कापला जातो आहे, म्हणजे एकच रक्कम दोनदा वसूल होते. हे पटकन नजरेत भरत नाही, कारण चलानावरही दोन्ही वाटे एकत्रच असतात.

या एका दरातून दोन मासिक दर निघतात, आणि गोंधळ इथेच होतो. गुणिले २६ केलं तर एका माणसाचा महिना: १७,९५३.७८. गुणिले ३० केलं तर एका पोस्टचा महिना: २०,७१५.९०. करारात फक्त ‘प्रति गार्ड प्रति महिना’ एवढंच लिहिलेलं असतं आणि कोणता ते कोणी विचारत नाही.

समजा करारात माणसाचा दर, १७,९५३.७८, आहे आणि सोसायटी तो ३० ने भागते. सगळ्या १८० ड्यूट्या भरल्या तरी बिल सहा पट, १,०७,७२२.६८ होतं. एजन्सीचा वेतन आणि वर्गणीचाच खर्च ६३९.३८ गुणिले १८०, म्हणजे १,१५,०८८.४०. सेवाशुल्क तर गेलंच, वर ७,३६५.७२ खिशातून. असा करार एजन्सी चालवते म्हणजे तूट कुठूनतरी भरून निघते आहे. बहुतेक वेळा ती गार्डच्या सुट्टीतून निघते. मस्टरवर एकाच नावापुढे ३० हजेऱ्या आणि एकही सुट्टी नाही असं दिसलं, तर रिलिव्हर नाहीच असं समजावं. स्वस्त दरावर खूश होणाऱ्या कमिटीने हेही लक्षात घ्यावं, की एजन्सीने वेतन किंवा पीएफ बुडवला तर वसुली मुख्य मालकाकडून, म्हणजे सोसायटीकडून होऊ शकते.

उलट चूकही होते. करारात पोस्टचा दर, २०,७१५.९०, रिलिव्हरसकट आहे आणि एजन्सी तो २६ ने भागून ड्यूटी लावते: ७९६.७७ गुणिले १८०, म्हणजे १,४३,४१८.६०. योग्य बिल १,२४,२९५.४० होतं. एका महिन्यात १९,१२३.२० जास्त, कारण रिलिव्हर एकदा दरात आणि एकदा भागाकारात मोजला गेला. ओळखायची खूण अशी: दरपत्रकात ‘रिलिव्हर’ ही ओळ असेल तर २६ ने भागायला जागा नाही.

पोस्टचा ठरावीक मासिक दर असेल तर ३१ दिवसांच्या महिन्यात ड्यूटीमागे ६६८.२५ पडतात, २८ दिवसांच्या फेब्रुवारीत ७३९.८५. वर्षभरात ३६० ड्यूट्यांचे पैसे मिळतात आणि ३६५ भरल्या जातात. हे टाळायचं तर करारात मासिक दर न लिहिता ड्यूटीचा दर लिहावा आणि मस्टरच्या बेरजेने गुणावा. माझ्या मते हाच सगळ्यात कमी भांडणाचा करार.

तिसरी चूक पगारपत्रकात होते आणि तिचा फटका थेट गार्डला बसतो. १४,३०० ला ३० ने भागून ४७६.६७ काढायचे आणि हजेऱ्या मात्र २६ च मोजायच्या. हातात येतात १२,३९३.४२, म्हणजे १,९०६.५८ कमी, आणि किमान वेतन मोडलं. ३० ने भागायचं असेल तर चार सुट्ट्याही भरपगारी धरायला हव्यात, मग बेरीज पुन्हा १४,३०० येते. पीएफ मिळालेल्या वेतनावर कापला जातो, म्हणून ही चूक पीएफमध्येही उतरते.

म्हणूनच बिल तपासताना पीएफच्या ईसीआर या मासिक विवरणपत्रातलं वेतन बघावं. एखादा गार्ड दोन दिवस गैरहजर असेल तर त्याचं वेतन २४ गुणिले ५५०, म्हणजे १३,२००, आणि मालकाचा पीएफ १,७१६ हवा. बिलात पूर्ण महिन्याचे १,८५९ लावलेले असतात, ही नेहमीची गोष्ट. ईसीआरमध्ये बिनवेतनी दिवसांचा एनसीपी डेज नावाचा रकाना असतो, त्यात या गार्डसमोर २ दिसायला हवेत. साप्ताहिक सुट्ट्या त्यात धरत नाहीत.

रिलिव्हरचा आकडा मात्र सहसा जुळणार नाही, आणि त्यात लबाडी असेलच असं नाही. तो २४ ड्यूट्या इथे करून उरलेल्या दोन दुसऱ्या साइटवर करतो, आणि ईसीआरमध्ये त्याच्या नावापुढे एकच एकूण रक्कम असते. एजन्सीने त्याच्या दिवसांची साइटवार फोड बिलासोबत जोडली तर सोसायटीच्या अकाउंटंटला बिल परत पाठवायचं कारण उरत नाही.

तारखांचाही घोळ होतो. पगार ७ तारखेपर्यंत, पीएफ आणि ईएसआय १५ पर्यंत. बिल मात्र १ ते ५ मध्ये येतं. जूनच्या बिलासोबत जूनचं चलान मागणं म्हणजे न भरलेली पावती मागणं. सोबत मेचं चलान येणार आणि ते मेच्या मस्टरशीच ताडायचं.

जीएसटी १८ टक्के, आणि तो फक्त सेवाशुल्कावर नाही, तर वेतन आणि वर्गणीसकट सगळ्या १,२४,२९५.४० वर लागतो: २२,३७३.१७. बिल १,४६,६६८.५७ चं. सिक्युरिटीत एक अपवाद आहे: एजन्सी कंपनी नसून एकट्याच्या मालकीची किंवा भागीदारी असेल आणि ग्राहक जीएसटीत नोंदलेला असेल, तर कर ग्राहकाने स्वतः भरायचा, एजन्सीने बिलात लावायचा नाही. हाउसकीपिंगला ही तरतूद नाही, म्हणून दोन्ही सेवा एकाच एजन्सीकडून असतील तर बिलं वेगळी मागावीत. टीडीएस कापताना जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो सोडून कापायचा: एजन्सी कंपनी किंवा भागीदारी असेल तर २ टक्के, म्हणजे २,४८५.९१, आणि मालक एकटी व्यक्ती असेल तर १ टक्का.