दोन दिवस उशीर, म्हणून निकालातून २० टक्के गेले?

‘असाइनमेंट दोन दिवस उशिरा दिली, दिवसाला १० टक्के दंड. म्हणजे एकूण निकालातून २० टक्के गेलेच ना?’

नाही. धरमपेठेतल्या झेरॉक्सच्या दुकानात, बाइंडिंगच्या रांगेत, हा हिशेब वर्षानुवर्षं ऐकू येतो. दंड बसतो फक्त त्या एका असाइनमेंटला.

समजा, तिचा भार २० टक्के, चाचण्यांचा ३०, लेखी परीक्षेचा ५०. असाइनमेंटला १०० पैकी ८० मिळाले होते. मिळालेल्या गुणांतून २० टक्के कापले की उरले ६४. निकालात तिचे १६ गुण धरले जायचे, आता १२.८. तोटा ३.२ गुणांचा, बस्स.

पण लगेच हुश्श करू नका. चाचण्यांत ७० टक्के, म्हणजे २१ गुण आहेत आणि एकूण ६० हवेत, तर लेखीत आधी ४६ टक्के पुरले असते, आता ५२.४ लागतील. वाढ ६.४ ची, कारण ३.२ ला लेखीच्या भाराने, ०.५ ने, भागावं लागतं. लेखीचा भार जितका कमी, तितकी ही वाढ मोठी.

एक खोच आहे. काही शिक्षक मिळालेल्या गुणांतून नाही, तर कमाल गुणांच्या २० टक्के कापतात. मग ८० चे थेट ६० होतात आणि लेखीत ५४ टक्के लागतात. नियमाच्या कागदावर ‘कशाच्या टक्के’ तेवढं बघून घ्या.