लोकर आणि ‘लोकर’: स्वेटरला चिकटलेलं तूस काढण्याआधी धागा ओळखा

आपण विणायला आणतो ते कुठलंही मऊ, फुगीर सूत म्हणजे ‘लोकर’. दुकानदारही तेच म्हणतो, विणणाराही तेच म्हणतो, आणि मग कपडा घातल्यावर अंगाला चिकटू लागला, काळ्या रंगावर पांढरं तूस दिसू लागलं की त्यावर ‘लोकरीचे उपाय’ सुरू होतात. त्या ‘लोकरी’पैकी कितीतरी ॲक्रिलिक असते, म्हणजे मेंढीशी काहीही संबंध नसलेलं कृत्रिम सूत. मेंढीची लोकर आणि ॲक्रिलिक हे दोन धागे दिसायला भाऊभाऊ वाटतात, पण तूस आणि स्थिर वीज यांच्या बाबतीत त्यांचं वागणं जवळजवळ उलट असतं. एकाचा उपाय दुसऱ्यावर केला तर कपडा बिघडतो, आणि तो पुन्हा सुधारत नाही.

मेंढीची लोकर तुम्हाला माहीत आहे: ऊबदार, थोडी टोचरी, गरम पाण्यात आटणारी. ॲक्रिलिक वजनाला हलकं, सहसा स्वस्त आणि धुवायला सोपं. रंग आणि मऊपणा पाहून निवाडा करू नका, दोन्ही फसवे आहेत. लेबल असेल तर ते वाचा. हातानं विणलेल्या कपड्याला लेबल नसतं, तिथे शिवणीतला एक इंचभर धागा चिमट्यात धरून बेसिनवर पेटवा. मेंढीची लोकर जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ती बहुधा विझते आणि राख बोटांनी चुरडली जाते. ॲक्रिलिक वितळत जळतं आणि मागे कडक काळा मणी राहतो. मण्याला लगेच हात लावू नका, तो चांगलाच गरम असतो.

आता घोळ होतो तो मुद्दा. साधारण 65 टक्के आर्द्रतेच्या हवेत 100 ग्रॅम कोरडी लोकर स्वतःच्या आत 16 ग्रॅमच्या आसपास पाणी धरून ठेवते. तेवढंच ॲक्रिलिक जेमतेम दीड-दोन ग्रॅम धरतं, आणि पॉलिएस्टर तर अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. घासल्यामुळे निर्माण झालेला विद्युत भार वाहून जायला धाग्यात ओलावा लागतो. लोकरीत तो असतो, म्हणून हवा फार कोरडी होईपर्यंत ती शांत असते. ॲक्रिलिकमध्ये तो नसतो, म्हणून भार जिथे तयार झाला तिथेच बसून राहतो आणि आसपासचं तूस ओढत राहतो.

यातूनच एक विचित्र गोष्ट घडते. लोकरीच्या धाग्याचा वरचा थर पाण्याचे थेंब झटकतो, पण वाफ आत घेतो. त्यामुळे लोकरीवर पाणी फवारण्यापेक्षा तिला दमट हवेत टांगणं जास्त कामाचं. न्हाणीघरात गरम पाण्यानं आंघोळ झाल्यावर कपडा अर्धा तास तिथेच टांगून ठेवला की धागा वाफ पितो आणि चिकटणं कमी होतं. ॲक्रिलिकला ही वाफ पिताच येत नाही. त्याच्यावर ओलावा फक्त पृष्ठभागावर बसतो, म्हणून त्याला ओलसर हाताचा हलका स्पर्श पुरतो, पण तो वाळला की परिणाम संपतो. एकदा फवारून दिवसभर निश्चिंत राहू असं समजू नका.

माझ्या मामीनं विणलेला काळा कार्डिगन मी याच गैरसमजापायी खराब केला. टॉवेलसोबत धुतल्यामुळे त्यावर सगळीकडे पांढरं तूस आलं होतं. लोकरीचा म्हणून मी इस्त्रीची वाफ सोडली, अगदी जवळून. तूस तर गेलंच नाही, पण कमरेची पट्टी लुळी पडली आणि मनगटावरची वीण सैल झाली. कारण ते ॲक्रिलिक होतं. गरम वाफेनं ते मऊ होतं, ताण सोडतं आणि थंड झाल्यावर तसंच राहतं. वीण पुन्हा आवळली जात नाही.

तसाच दुसरा कार्डिगन आता मी असा साफ करते. प्रथम भार उतरवायचा, मग तूस. धातूचा हँगर कपड्याच्या आतून वरपासून खालपर्यंत सगळीकडे फिरवते. ॲक्रिलिकमधला भार जागचा हलत नाही, म्हणून एका ठिकाणी टेकवून काही होत नाही. मग हातात रबरी मोजे घालून, ते पाण्यात बुडवून चांगले झटकते आणि कपडा सपाट पसरून एकाच दिशेनं, खांद्यापासून खाली ओढते. तूस गोळा होऊन कडेला जमतं, ते बोटांनी उचलते. मागेपुढे घासत नाही, कारण कोरडं घासणं म्हणजे नवा भार. पुढच्या धुण्याला कपडा उलटा करून, टॉवेलपासून वेगळा, कोमट पाण्यात धुते. शेवटच्या पाच लिटर पाण्यात केसांचा कंडिशनर एक छोटा चमचा, आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून घालते. त्याचा पातळ थर धाग्यावर राहतो आणि ओलावा धरतो. चमच्याचे दोन केले तर थर चिकट होतो आणि उलट धूळ ओढतो. हात लावून कपडा बुळबुळीत लागला तर समजावं की जास्त झालं.

हेच ओले मोजे खऱ्या लोकरीवर जोर लावून फिरवू नका. लोकरीच्या तंतूवर खवले असतात. ओलावा आणि घर्षण एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात, जागा आटते आणि नमद्यासारखी घट्ट होते. हेही परत फिरत नाही. लोकरीवर तूस त्या खवल्यांत आणि लवेत गुंतलेलं असतं, त्यामुळे भार उतरवण्यापेक्षा विंचरणं महत्त्वाचं. दमट हवेत टांगून झाल्यावर कपडा पुरता वाळू द्या आणि मग नैसर्गिक केसांच्या मऊ ब्रशनं, लवेच्या दिशेनं, हलक्या हातानं विंचरा.

चिकटपट्टीच्या रोलरवर माझा फारसा विश्वास नाही. पट्टी सोलून निघताना कपड्यावर पुन्हा भार सोडते, त्यामुळे ॲक्रिलिकवर साफ केलेल्या जागी थोड्या वेळात नवं तूस बसलेलं दिसतं. घाईत लोकरीवर चालतो, पण ॲक्रिलिकवर मी वापरत नाही.

कपड्याच्याच धाग्यांच्या गोळ्यांना तूस समजून ओढू नका. ते मुळाशी जोडलेले असतात, ते कात्रीनंच कापायचे.

एक शेवटची गोष्ट कपडे घालण्याच्या क्रमाची. लोकर घासली की बहुधा धन भार धरते आणि पॉलिएस्टर ऋण. म्हणून पॉलिएस्टरच्या शर्टावर लोकरीचा स्वेटर म्हणजे दोघांनाही भार देण्याची सर्वात सोपी रीत. मध्ये सुती बनियन किंवा सुती शर्ट असेल तर काढताना चटचट आवाज क्वचितच येतो. ॲक्रिलिकचा स्वेटर असला तरी आतला थर सुतीच ठेवा.