वेतनचिठ्ठी (पगाराची स्लिप)

वेतनचिठ्ठी म्हणजे एका महिन्यात कर्मचाऱ्याला देय झालेल्या रकमा, त्यांतून झालेल्या कपाती आणि बँक खात्यात जमा झालेले निव्वळ वेतन यांचा मालकाने दिलेला लेखी हिशेब. तिचा उगम बहुधा वेतन प्रदान अधिनियम, 1936 कडे नेला जातो. तथापि त्या कायद्याचा मुख्य रोख कोणत्या कपाती करता येतील यावर होता. चिठ्ठीचा विहित नमुना किमान वेतन (केंद्रीय) नियम, 1950 मध्ये स्पष्टपणे आढळतो, म्हणून हा दुसरा आधार अधिक ग्राह्य वाटतो.

चिठ्ठीच्या डाव्या बाजूस प्राप्ती आणि उजव्या बाजूस कपाती असतात. प्राप्तीत मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता हे नेहमीचे घटक असून भविष्य निर्वाह निधीची कपात मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 12 टक्के दराने होते. वादाचा मुद्दा आहे तो ‘मूळ वेतना’त काय धरायचे हा. कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम, 1952 च्या व्याख्येतून घरभाडे भत्ता स्पष्टपणे वगळलेला आहे. विशेष भत्त्याचा मात्र तेथे नावानिशी उल्लेख नाही. त्यामुळे मूळ वेतन कमी आणि विशेष भत्ता जास्त दाखवून निधीची वर्गणी कमी ठेवण्याची पद्धत पडली. सर्व कर्मचाऱ्यांना सरसकट मिळणारी रक्कम मूळ वेतनात येते, ही कसोटी सर्वोच्च न्यायालयाने 1962 च्या ब्रिज अँड रूफ कंपनी खटल्यात लावली आणि 28 फेब्रुवारी 2019 च्या विवेकानंद विद्यामंदिर निकालात तीच विशेष भत्त्याला लागू केली. मात्र वर्गणीची सक्ती दरमहा 15,000 रुपयांच्या मर्यादेपर्यंतच आहे (ही मर्यादा 1 सप्टेंबर 2014 पासूनची). म्हणजे मूळ वेतन 12,000 आणि सरसकट विशेष भत्ता 20,000 असेल, तर 1,440 रुपयांची कपात अपुरी ठरते व ती 1,800 असावयास हवी. मूळ वेतनच 15,000 च्या वर असेल, तर या निकालाने कपातीत फरक पडत नाही. वेतन संहिता, 2019 मधील व्याख्येनुसार वगळलेल्या भत्त्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्यास वरची रक्कम वेतनात धरली जाते.

उदाहरणार्थ, पुण्यातील पहिल्याच नोकरीतील एका तरुणाच्या चिठ्ठीत मूळ वेतन 20,000, घरभाडे भत्ता 8,000 आणि विशेष भत्ता 12,000, अशी एकूण प्राप्ती 40,000 रुपये आहे. कंपनी पूर्ण मूळ वेतनावर वर्गणी भरत असल्याने 2,400 रुपये आणि व्यवसाय करापोटी 200 रुपये वजा होऊन 37,400 रुपये हाती येतात. नेमणूकपत्रात मात्र वार्षिक 5,20,344, म्हणजे महिन्याला 43,362 रुपये लिहिलेले असतात. 5,962 रुपयांच्या या तफावतीत वरील 2,600 रुपयांखेरीज मालकाची निधी-वर्गणी 2,400 आणि उपदानाची, म्हणजे ग्रॅच्युइटीची, तरतूद 962 रुपये असते. या दोन्ही रकमा प्राप्तीच्या रकान्यात सहसा येतच नाहीत. काही कंपन्या मालकाची वर्गणी दोन्ही बाजूंस छापतात आणि मग पगारातून दुप्पट कापले असा समज होतो. तशा चिठ्ठीत एकूण प्राप्ती 42,400 दिसते, हाती येणारी रक्कम तीच राहते.

मालकाच्या वर्गणीतून जास्तीत जास्त 1,250 रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात, हा नियम सर्वांना लागू नाही. 1 सप्टेंबर 2014 नंतर प्रथमच सदस्य झालेल्या आणि निधीसाठीचे वेतन 15,000 हून जास्त असलेल्या कर्मचाऱ्याला ती योजना लागू होत नाही. वरील तरुणाच्या निधीच्या पासबुकात निवृत्तिवेतनाचा रकाना शून्य असणेच बरोबर होय. तेथे 1,250 दिसल्यास वेतन विभागाकडे विचारणा करावी, कारण ही चूक पुढे पैसे काढताना अडते.

चिठ्ठीचे छायाचित्रच हाती असेल, तर 3 आणि 8 यांत गल्लत होते आणि घडीवरचा अंक सावलीत जातो. अशा वेळी निधीचा आकडा मूळ वेतनाच्या 12 टक्क्यांशी किंवा 1,800 शी पडताळावा, मग दोन्ही बेरजा कराव्यात. आकडा तरीही जुळला नाही, तर वरच्या कडेला बहुतेक वेळा कापला गेलेला ‘देय दिवस’ हा रकाना पाहावा. 30 पैकी 28 दिवस देय असतील तर मूळ वेतन 18,667 आणि निधी 2,240 होतो. छायाचित्र दुसऱ्यास पाठविताना पॅन, यूएएन हा निधी-सदस्याचा क्रमांक व बँक खाते क्रमांक झाकलेले बरे.

उद्गम प्राप्तिकर कपातीचा, म्हणजे टीडीएसचा, रकाना वरील चिठ्ठीत शून्य आहे. आर्थिक वर्ष 2025-26 च्या नव्या करप्रणालीत 75,000 रुपयांची प्रमाणित वजावट जाऊन 4,05,000 रुपये करपात्र उरतात आणि त्यांवरील 250 रुपयांचा कर सवलतीमुळे माफ होतो. व्यवसाय कर महाराष्ट्रात फेब्रुवारीत 300 रुपये कापला जातो, म्हणजे वर्षाचे 2,500 रुपये पूर्ण होतात. त्या महिन्यात 37,300 रुपये जमा होणे नियमाला धरूनच आहे. महिलांना मात्र 1 एप्रिल 2023 पासून दरमहा 25,000 रुपयांपर्यंतच्या वेतनावर हा कर नाही.