उभा दांडा पायाभोवती कोसळणे

एकसमान जाडीचा दांडा टोकावर उभा करून सोडला की तो पायाभोवती फिरत कोसळतो. काटेकोर उभ्या स्थितीत तो तोललेला असतो, म्हणून सुरुवातीला निसटता धक्का गृहीत धरतात.

दांड्याचे वस्तुमान m, लांबी L आणि उभ्या रेषेशी झालेला कोन θ मानू. पाया हलत नसेल तर तिथले बल कार्य करत नाही, त्यामुळे ऊर्जेचा हिशेब पुरतो. गुरुत्वमध्य (L/2)(1 − cos θ) इतका खाली येतो आणि पायाभोवतीचे जडत्व आघूर्ण mL²/3 असते. त्यावरून कोनीय वेग ω असा मिळतो:

ω² = 3g(1 − cos θ)/L

इथे अनेकजण मध्याभोवतीचे mL²/12 घेतात आणि मध्याच्या सरळ गतीची ऊर्जा विसरतात. कोनीय त्वरण α = 3g sin θ/(2L) आहे. ते कोनाबरोबर बदलते, म्हणून स्थिर त्वरणाची सूत्रे इथे लागू पडत नाहीत.

पायावरचे बल काढायला गुरुत्वमध्याचे त्वरण पाहावे. दांड्याच्या दिशेने, पायाकडे, ते ω²L/2 आणि त्याला काटकोनात αL/2 असते. दोन्हींचे उभे-आडवे भाग न्यूटनच्या दुसऱ्या नियमात घातले की जमिनीचा उभा रेटा N आणि आडवे घर्षण f मिळतात:

N = mg(3cos θ − 1)²/4
f = (3/4) mg sin θ (3cos θ − 2)

f धन असेल तर घर्षण पडण्याच्या बाजूला असते. N मध्ये पूर्ण वर्ग आला, ही या गणितातली खरी गंमत: 70.5° ला रेटा शून्यावर टेकतो, पण ऋण होत नाही. म्हणजे पाया बिजागरीने जखडला तरी बिजागरीला दांडा खाली ओढावा लागत नाही. आडवे मात्र ओढावे लागते.

1 मीटर लांब, 1 किलोचा दांडा घ्या. 60° ला ω सुमारे 3.8 रेडियन प्रतिसेकंद भरतो. N वजनाचा फक्त सोळावा भाग, सुमारे 0.6 न्यूटन. पाया जागेवर राहायला घर्षण मात्र 3.2 न्यूटन, म्हणजे N च्या पाचपटीहून जास्त हवे. साध्या जमिनीवर हे जमायचे नाही, म्हणून त्याआधीच पाया सरकतो.

कुठल्या बाजूला, ते घर्षण गुणांकावर ठरते. पहिल्या टप्प्यात f/N चे प्रमाण 35° च्या आसपास 0.37 पर्यंत चढते. गुणांक याहून कमी असेल तर पाया तेवढ्यातच मागे घसरतो. जास्त असेल तर हा टप्पा निभावतो; 48.2° ला घर्षण शून्य होऊन दिशा पालटते आणि मग पाया पडण्याच्या बाजूला, पुढे सरकतो. गुणांक 0.5 असल्यास हे सुमारे 52° ला घडते. जमीन कितीही खरखरीत असली तरी 70.5° पूर्वी पाया सुटतोच, कारण तिथे N शून्य होतो आणि f होत नाही. पाया सुटल्यावर वरची सूत्रे चालत नाहीत.

बिजागरी असेल तर ती 90° पर्यंत चालतात. आडव्या स्थितीत बिजागरी वजनाच्या पावपट वर रेटते आणि दीडपट आपल्याकडे ओढते. मोकळे टोक तेव्हा √(3gL), म्हणजे आपल्या दांड्यासाठी 5.4 मीटर प्रतिसेकंद वेगाने जाते. तेवढ्याच उंचीवरून सोडलेला दगड 4.4 नेच पोचतो.